बाणावर कर्त्याचं नाव लिहा

प्रश्न: "मी सांगलीत एसवायबीकॉमच्या मुलांचे अर्थशास्त्राचे क्लास घेते. महागाई, व्याजदर आणि पैशाचा पुरवठा हे प्रकरण मुलं व्याख्यांसकट पाठ करतात, पण 'कशामुळे काय झालं' असं विचारलं की अडखळतात. म्हणून मी फळ्यावर साखळी काढून दिली: पैसा वाढला, महागाई वाढली, रेपो वाढला, कर्ज महागलं, महागाई कमी झाली. त्यावर एका मुलीने विचारलं, 'मॅडम, कर्ज महागलं तर व्यापाऱ्याचा खर्च वाढणार. मग महागाई वाढायला नको का?' मला नीट उत्तर देता आलं नाही. ही साखळी कशी मांडू?"

नमस्कार मॅडम,

त्या मुलीची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर आकड्यांत देता येतं. ते पुढे येईलच. आधी तुमच्या साखळीकडे पाहू. तिच्यातलं एकही विधान सुटं घेतलं तर चूक नाही. पण सगळं आपोआप घडल्यासारखं लिहिलं आहे. पैसा वाढला, कर्ज महागलं, महागाई कमी झाली. कोणी वाढवला, कोणी महाग केलं, केव्हा केलं, याचा पत्ता नाही. मग मुलांच्या हाती फक्त चौकटी आणि बाण उरतात, आणि बाण काय, कुठल्याही दोन चौकटींमध्ये कुठल्याही दिशेने काढता येतो. तुमच्या विद्यार्थिनीने तेच करून दाखवलं.

म्हणून एकच नियम लावा. प्रत्येक बाणावर कर्त्याचं नाव लिहायचं: कोणी, काय पाहिलं आणि काय केलं. नाव सापडत नसेल तर तो बाण पुसायचा. मुलांच्या वह्यांत हमखास दिसणारा 'महागाई वाढली, म्हणून पैशाची क्रयशक्ती घटली' हा बाण या नियमात लगेच गळतो, कारण मधे कोणी काही केलेलंच नाही. एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितली आहे. तिथे बाण नको, बरोबरीचं चिन्ह द्या. नुसत्या या गाळणीने निम्मी भरताड निघून जाते.

दुसरं, साखळी हवेत काढू नका. एक खरा प्रसंग घ्या, तारखांसकट. मी मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ हा घेईन. त्याचे सगळे टप्पे नोंदलेले आहेत, आणि त्या वर्षी घरात गोडेतेलाच्या पिशवीवरून झालेली चर्चा तुमच्या मुलांपैकी अनेकांना आठवत असेल.

पहिल्या चौकटीपासूनच गंमत आहे. तुम्ही तिथे 'पैसा वाढला' लिहिलं आहे, कारण पुस्तकात पैसा वाढला की भाव वाढतात असं सांगणारा परिमाण सिद्धांत आधी येतो. पण २०२२ मध्ये आधी काय घडलं? २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपलं सूर्यफूल तेल मुख्यतः युक्रेन आणि रशियातून येत होतं. खनिज तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर गेलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. आयातदाराने चढ्या भावाने माल घेतला, घाऊक व्यापाऱ्याने भाव चढवला, किराणा दुकानदाराने पिशवीची किंमत वाढवली. एप्रिल २०२२ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारलेली महागाई ७.७९ टक्क्यांवर पोचली. या बाणांवर नावं आहेत: आयातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार. यांच्यापैकी कोणीही पैशाचा पुरवठा पाहून भाव वाढवलेला नाही. कोविडच्या काळात व्यवस्थेत भरपूर पैसा सोडला गेला होता, त्याचाही यात हात होता असं मानणारे अर्थतज्ज्ञ आहेत, आणि ते बाजूच्या चौकटीत लिहायला हरकत नाही. पण या गोष्टीत पहिली चौकट 'तेल' अशीच हवी. मागणीमुळे झालेली महागाई आणि खर्चामुळे झालेली महागाई हा पुस्तकातला भेद पाठ करून घेण्यापेक्षा 'या गोष्टीत पहिली चौकट कोणती?' एवढंच विचारा. उत्तर बरोबर आलं तर भेद कळला.

आता महागाईकडून रेपोकडे, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते त्या दराकडे, जाणारा बाण. मुलं तो निसर्गनियम असल्यासारखा काढतात. पण हा सहा माणसांच्या समितीचा निर्णय आहे आणि त्यामागे कायदा आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलला, पतधोरण समिती आली. महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, दोन टक्के वर-खाली चालेल, असं उद्दिष्ट ठरलं. सलग तीन तिमाह्या सरासरी या पट्ट्याबाहेर राहिली तर रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणं द्यावी लागतात, आणि २०२२ मध्ये ती वेळ आलीच. समितीने ४ मे २०२२ रोजी, वेळापत्रकात नसलेल्या बैठकीत, रेपो ४ वरून ४.४० टक्के केला. पुढे टप्प्याटप्प्याने फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. एक बारकावा मुलांना जरूर दाखवा: एप्रिलचा ७.७९ हा आकडा जाहीर झाला १२ मे रोजी, म्हणजे निर्णयानंतर. त्या दिवशी समितीसमोर जाहीर झालेला ताजा आकडा मार्चचा होता, ६.९५. म्हणजे समिती फक्त मागचा आकडा बघून दर वाढवत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज घेऊन वाढवते. बाणावर 'समितीने महागाईचा अंदाज पाहिला' असं लिहिलं की हे आपोआप शिकवलं जातं.

त्यानंतरचा बाण रेपोकडून कर्जदाराकडे. इथे कर्ता बँक आहे, पण तिचे हात करारनाम्याने बांधलेले आहेत. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी रेपो निवडला. त्यामुळे रेपो हलला की जास्तीत जास्त तीन महिन्यांत कर्जाचा दर हलतो. जुन्या पद्धतीची, एमसीएलआरला म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराला जोडलेली कर्जं मात्र सावकाश हलतात, कधी कधी वर्षभराने. तेव्हा बाणाखाली वेळही लिहा.

इथे थांबून एक गणित फळ्यावर पूर्ण करा. पंचवीस लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षं मुदत. रेपो ४ असताना वर ३ टक्के धरून दर ७ टक्के. हप्ता येतो सुमारे १९,३८२ रुपये. रेपो ६.५० झाल्यावर दर ९.५ टक्के, हप्ता सुमारे २३,३०३. महिन्याला ३,९२१ रुपये जास्त. मुलांना विचारा, तुमच्या घरात हे पैसे कुठून काढाल? कोणी म्हणेल दिवाळीचा फ्रीज पुढे ढकलू, कोणी म्हणेल हॉटेल बंद. बस, मागणी घटण्याच्या बाणावर कर्त्याचं नाव आलं.

पण एक हुशार मूल विचारेल की बँका तर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. बरोबर. मग घरखर्चाला कात्री लागत नाही आणि बाण तिथेच अडतो. पुढचं गणितही मजेदार आहे. कर्ज नुकतंच घेतलेलं असेल आणि मुद्दल अजून जवळपास पंचवीस लाखच असेल, तर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याज होतं १९,७९२ रुपये. जुना हप्ता १९,३८२. म्हणजे हप्ता भरूनही व्याजच पुरतं फिटत नाही, मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. मुदत कितीही वाढवली तरी हे कर्ज त्या हप्त्यात कधीच फिटणार नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्या. त्यामागे अशीच प्रकरणं होती.

कर्जदाराबरोबर ठेवीदारही विसरू नका. रेपो वाढल्यावर मोठ्या बँकांतल्या मुदत ठेवींचे दरही वर गेले, पण कर्जांपेक्षा उशिरा. निवृत्त माणसाला व्याज जास्त मिळालं म्हणून तो जास्त खर्च करेल, आणि नोकरदार ठेव आकर्षक वाटली म्हणून खरेदी लांबवेल. दोन कर्ते, दोन विरुद्ध दिशा. साखळीला असे फाटे फुटतात. तेवढ्याने ती चुकत नाही, मुलांना फक्त दोन्ही फाटे दिसले पाहिजेत.

आता त्या मुलीची शंका. व्याज वाढलं की व्यापाऱ्याचा खर्च वाढतो, हे खरंच आहे. किती वाढतो ते काढू. लहान उद्योग-व्यापाऱ्याला खेळतं भांडवल देताना बँका उलाढालीच्या पद्धतीने साधारण अंदाजित विक्रीच्या २० टक्के मर्यादा देतात. वर्षाची विक्री एक कोटी असेल तर कॅश क्रेडिट, म्हणजे बाजारातली सीसी, वीस लाखांची. ती वर्षभर पूर्ण वापरली आणि व्याज अडीच टक्क्यांनी वाढलं तर जादा व्याज पन्नास हजार. एक कोटीच्या विक्रीवर पन्नास हजार म्हणजे अर्धा टक्का. व्यापाऱ्याने हा सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकला तरी शंभराची वस्तू शंभर रुपये पन्नास पैशांना जाईल. शिवाय हे एकदाच होतं. पुढच्या वर्षी व्याजदर तोच राहिला तर त्यामुळे भाव पुन्हा चढत नाही. महागाई म्हणजे वर्षागणिक चढत राहणारा भाव, एकदाची उडी नव्हे.

आता त्याच व्यापाऱ्याला दुसऱ्या बाजूने बघा. ज्या गिऱ्हाइकाचा हप्ता चार हजारांनी वाढला, त्याने खरेदी थांबवली. माल पडून आहे, सीसीवर व्याज चढतंय. अशा वेळी व्यापारी भाव वाढवेल की माल हलवायला सूट देईल? जिथे गिऱ्हाईक खरेदी टाळू शकतं, उदाहरणार्थ टीव्ही किंवा दुचाकी, तिथे सूट. जिथे टाळू शकत नाही, उदाहरणार्थ औषधं, तिथे तो अर्धा टक्का वसूल होईल. म्हणून फळ्यावर दोन्ही बाण काढा, वर जाणारा बारीक आणि खाली जाणारा जाड. त्या मुलीला सांगा की तिचा बाण पुसायचा नाही. फक्त त्याची जाडी किती, ते आता तिला माहीत आहे.

राहिला पैशाचा पुरवठा, आणि हाच भाग सगळ्यात जास्त भरकटतो. मुलांना वाटतं रिझर्व्ह बँक नोटा छापते तेव्हा पुरवठा वाढतो. तुमच्याकडे वाणिज्य शाखेची मुलं आहेत, तेव्हा व्याख्या बाजूला ठेवून रोजकीर्द उघडा. बँकेने एका दुकानदाराला पाच लाखांचं कर्ज मंजूर केलं. बँकेच्या पुस्तकात नोंद काय?

दुकानदाराचे कर्ज खाते नावे ५,००,०००
दुकानदाराच्या चालू ठेव खात्यास जमा ५,००,०००

नोट एकही छापलेली नाही, कोणाची ठेव कमी झालेली नाही, आणि ठेवी पाच लाखांनी वाढल्या. एम३ मध्ये लोकांजवळची रोख आणि बँकांतल्या ठेवी येतात, म्हणजे पैशाचा पुरवठा त्या क्षणी पाच लाखांनी वाढला. दुकानदाराने ते पैसे ठोक व्यापाऱ्याला दिले की ठेव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली, पुरवठा तोच. कर्ज फेडलं की नोंद उलटी फिरते आणि तेवढा पैसा नाहीसा होतो. इथे मुलं चमकतात, कारण नावे-जमा त्यांना तोंडपाठ असतं, पण त्याचा अर्थशास्त्राशी संबंध कोणी लावून दिलेला नसतो.

आता चौकट जागेवर बसते. २०२२ च्या साखळीत 'पैशाचा पुरवठा' सुरुवातीला येत नाही, मधे येतो. रेपो वाढला, बँकेने दर वाढवला, काही लोकांनी नवं कर्ज घ्यायचं टाळलं, नव्या ठेवी तेवढ्या कमी तयार झाल्या, पुरवठा वाढायचा वेग मंदावला. वेग मंदावला, पुरवठा घटला नव्हे. हा शब्द मुलांच्या उत्तरपत्रिकेत तपासा. एम३ चा आकडा वर्षावर्षाला वाढतच असतो.

रिझर्व्ह बँकेने ४ मे रोजी रोख राखीव प्रमाण म्हणजे सीआरआरही अर्ध्या टक्क्याने वाढवून ४.५ केलं. त्यामुळे बँकांचे सुमारे ८७,००० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे अडकले. याचा बाण बँकेच्या शिलकीवर जातो, थेट बाजारातल्या भावावर नाही. मधल्या कर्त्यांना ओलांडून 'सीआरआर वाढला, महागाई कमी झाली' असं लिहिणाऱ्याला अर्धेच गुण द्या.

या भागावर मुलांना चाचणी द्यायची असेल तर हे कोडं घाला. १९ मे २०२३ रोजी दोन हजारांच्या नोटा मागे घेण्याची घोषणा झाली. त्या दिवशी ३.५६ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या. लोकांनी त्यातल्या बऱ्याचशा बँकांत भरल्या. पैशाचा पुरवठा वाढला की कमी झाला? बहुतेक मुलं 'नोटा गेल्या म्हणून कमी' किंवा 'ठेवी वाढल्या म्हणून जास्त' असं म्हणतील. नोंद करायला लावा: बँकेची रोख नावे, ग्राहकांच्या ठेवी जमा. लोकांजवळची रोख जितकी कमी झाली तितक्याच ठेवी वाढल्या, एम३ होतं तिथेच. बदललं ते एवढंच की बँकांजवळची शिल्लक फुगली. त्यातून पुढे कर्जं वाढू नयेत म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये मधल्या काळात वाढलेल्या ठेवींवर तात्पुरतं १० टक्के जादा सीआरआर लावलं आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने काढून घेतलं. रोजकीर्दीची एक नोंद करता आली की रिझर्व्ह बँकेचं हे पाऊल समजावून सांगावं लागत नाही.

आता मात्र एक कबुली साखळीकडूनच घ्यावी लागते. साखळी सांगते की दर वाढले तर कर्जं मंदावतील. प्रत्यक्षात २०२२-२३ मध्ये बँकांची कर्जं १५ टक्क्यांच्या आसपास वाढली, आदल्या वर्षापेक्षा जास्त वेगाने. कोविडनंतर कारखाने आणि खरेदी पुन्हा सुरू झाली होती, कच्चा माल महागल्याने खेळतं भांडवलही जास्त लागत होतं. म्हणजे बाण खोटा ठरला का? नाही. बाण दाब कुठल्या दिशेने पडतो ते दाखवतो. त्याच वेळी उलट दिशेने दुसरा, मोठा दाब असेल तर निकाल त्याच्या बाजूने लागतो. पुस्तकातलं 'इतर परिस्थिती कायम असताना' हे वाक्य मुलं सवयीने लिहितात. या आकड्याने त्यांना ते कशासाठी असतं ते कळेल.

त्यामुळे 'महागाई कमी झाली' या शेवटच्या चौकटीत एकट्या रिझर्व्ह बँकेचा बाण घालू नका. इंडोनेशियाने मे २०२२ मध्येच निर्यातबंदी उठवली आणि तेलाचे भाव उतरू लागले. केंद्र सरकारने २१ मे रोजी पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे आठ रुपयांनी आणि डिझेलवरचं सहा रुपयांनी कमी करण्याची घोषणा केली. खनिज तेलही वर्षाच्या उत्तरार्धात खाली आलं. मागणीवरचा व्याजाचा परिणाम सावकाश, काही तिमाह्यांनी पोचतो. म्हणून शेवटच्या चौकटीत तीन बाण येऊ द्या: परदेशी बाजार, सरकार आणि पतधोरण समिती. कोणाचा वाटा किती, यावर वर्गात वाद होऊ द्या. माझ्या मते सुरुवातीच्या उताराचं बरंचसं श्रेय पहिल्या दोघांना जातं आणि व्याजदरांचं काम नंतर दिसायला लागतं. पण मुलांनी वेगळं मत कारणासकट मांडलं तर गुण कापू नका.

त्या चौकटीवर तारीखही लिहा, नाहीतर साखळी स्वतःभोवती फिरत राहते: महागाई वाढली, दर वाढला, महागाई कमी झाली, मग दर कमी झाला, मग पुन्हा. पहिली महागाई एप्रिल २०२२ ची, शेवटची एप्रिल २०२३ ची. आणि इथे मोठ्यांचीही फसगत होते. एप्रिल २०२३ मध्ये महागाई ४.७० टक्के होती. म्हणजे भाव उतरले असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये शंभर रुपयांना मिळणारं सामान वर्षाने १०७.७९ ला आणि आणखी वर्षाने सुमारे ११२.८६ ला मिळू लागलं. महागाई कमी झाली, सामान महागच झालं. हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की 'महागाई कमी झाली म्हणतात, मग तेल स्वस्त का नाही?' हा घरोघरचा सवालही सुटतो.

साखळी कुठे तुटते तेही एकदा दाखवा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकला, जुन्नर-नारायणगावच्या काही शेतकऱ्यांना कधी नव्हे तो भाव मिळाला आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर उसळली. ऑगस्टमध्ये समितीने रेपो हलवला नाही. मुलांना विचारा का. बाणावर नाव शोधायला लागले की त्यांच्या लक्षात येतं: हप्ता वाढल्याने टोमॅटोची लागवड वाढत नाही, आणि टोमॅटो कोणी कर्ज काढून घेत नाही. शिवाय नवं पीक येताच भाव आपसूक उतरणार होता. तिथे कामाला आल्या त्या नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था, सरकारी खर्चाने स्वस्त टोमॅटो विकायला. पण निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा तेव्हा जवळपास ४६ टक्के होता, त्यामुळे असा एखादा झटका वारंवार बसला तर लोक पुढेही महागाई गृहीत धरून मजुरी आणि भाव वाढवू लागतात. मग समितीला गप्प बसता येत नाही. त्या बाणावर नाव 'महागाई गृहीत धरणारा माणूस' असं लिहा, तो दिसत नाही म्हणून सोडू नका.

वर्गात करताना जाड कागदाच्या चिठ्ठ्या करा. घटना एका रंगाच्या, कर्ते दुसऱ्या रंगाचे. नियम एवढाच की दोन घटना-चिठ्ठ्या एकमेकींना चिकटता कामा नयेत, मधे कर्त्याची चिठ्ठी हवीच. परीक्षेत चिठ्ठ्या नसतात, पण उत्तर लिहिताना प्रत्येक वाक्याचा कर्ता ठेवला तर तेच साधतं: 'व्याजदर वाढतो' च्या जागी 'बँका कर्जाचा दर वाढवतात'.

हे झालं की घरचा अभ्यास म्हणून उलटी साखळी द्या. फेब्रुवारी २०२५ पासून समितीने रेपो कमी करायला घेतला आणि जूनपर्यंत ६.५० वरून ५.५० वर आणला. सीआरआरही ४ वरून ३ टक्क्यांवर आणायचं ठरलं, चार हप्त्यांत. मुलं सगळे बाण आरशातल्यासारखे उलटे काढतील, आणि एक बाण तिथे अडकेल. दर उतरला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. कर्जदाराचा एकूण फायदा होतो, पण महिन्याच्या खर्चाला जादा पैसा हातात येत नाही. तेव्हा 'मागणी वाढली' ही चौकट भरण्याआधी मुलांना आपापल्या घरी गृहकर्जाचं खातेपत्रक बघून यायला सांगा: हप्ता कमी झाला, की मुदत?